तेवीस नंबरची पाळी

ग्रंथालयातली टेबलं भिंतीला सरकवून मी आठ खुर्च्या गोल मांडल्या. त्यातली एक गुबगुबीत, हातांची होती. ती बाहेर काढली आणि वर्गातली साधी आणून ठेवली. ज्याची खुर्ची उंच त्याचं म्हणणं खरं, असं मुलांना आपोआप वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. टेबल मी मधे ठेवत नाही. टेबलाखाली हात लपतात, आणि माणूस गप्प असताना त्याचं काय चाललंय हे बऱ्याचदा हातांवरूनच कळतं.

मी शाळेत समुपदेशक आहे. मुलांमध्ये काही गंभीर घडलं की काही वेळा आम्ही रिस्टोरेटिव्ह सर्कल घेतो. ज्यानं त्रास दिला तो, ज्याला झाला तो, दोघांच्या घरची माणसं आणि शाळेतलं कुणी एकत्र बसतात; काय झालं, कुणाला काय भोगावं लागलं आणि आता काय केलं म्हणजे ते भरून निघेल, हे बोलतात. मधे जो असतो त्याला फॅसिलिटेटर म्हणतात. मराठीत सूत्रधार म्हणता येईल, पण मला तो शब्द जरा अडचणीचा वाटतो. सूत्रं माझ्या हातात नसतात, हे ज्या दिवशी मला नीट कळलं, त्याच दिवसाबद्दल हे लिहिते आहे. दोन्ही घरांची परवानगी घेतली आहे आणि ओळखू येतील अशा खुणा बदलल्या आहेत. ज्याला त्रास झाला त्याला इथे मनू म्हणते, ज्यानं दिला त्याला राघव. दोघंही आठवीत, एकाच वर्गात.

मनू बोलताना अडखळतो. तोंडी परीक्षेत त्यानं उभं राहून नाव सांगितलं आणि पहिल्याच अक्षरावर अडकला. मागच्या बाकावरून राघवनं ते फोनवर टिपलं. घरी जाऊन तेवढंच अक्षर कापून, पुन्हा पुन्हा जोडून, अकरा सेकंदांची क्लिप केली आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवसापासून मनूचं नाव ‘रिपीट’ पडलं. पुढचे तीन आठवडे तो जिन्यात दिसला, डबा उघडून बसला, हजेरीला उभा राहिला, की कुणीतरी ते अक्षर म्हणायचं. मनू घरी काही बोलला नाही. त्याच्या आईला ती क्लिप दुसऱ्या एका आईकडून कळली.

मुख्याध्यापकांनी राघवला बोलावलं, फोन जप्त केला, घरी कळवलं. सर्कल घेऊन पाहू, असं त्यांनी मला सांगितलं. त्यात ठरलेलं सगळं पार पडलं तर पुढची कारवाई नाही, नाहीतर प्रकरण परत त्यांच्याकडे. आता अशा वेळी राघव ‘स्वेच्छेनं’ येतो असं मी कागदावर लिहिते तेव्हा माझं मलाच थोडं हसू येतं. त्याला दोन दारं दाखवली होती आणि हे त्यातलं कमी वाईट होतं, इतकंच. मनूच्या बाबतीत मात्र ती सवलत घेता येत नाही. त्याचा होकार खरा नसेल तर सर्कल म्हणजे त्याच्या छळाचा पुढचा भाग होतो, फक्त यावेळी खुर्च्या आम्ही मांडलेल्या असतात.

दोन मुलं भांडली, तर दोघांना समोरासमोर बसवून बोलतं करणं सोपं असतं, कारण दोघांची बाजू साधारण सारखी असते. छळात तसं नसतं. एकाच्या मागे हसणारा वर्ग असतो, दुसऱ्याच्या मागे कुणी नसतं. म्हणून आधी दोन गोष्टी पाहायच्या. ज्यानं केलं तो ‘मी केलं’ हे मान्य करतो का, आणि ज्याला त्रास झाला त्याला त्याच खोलीत बसावंसं वाटतं का. पहिल्याचं उत्तर ‘मी काहीच केलं नाही’ असं असेल तर मी सर्कल घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी. मग सगळ्यांसमोर पीडित मुलालाच पुरावे द्यायला लागतात. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर मी दोघांना एकत्र न आणता निरोप, पत्रं पोचवते. काही वेळा तेवढंच पुरतं.

मनूचं पहिलं उत्तर ‘नको’ होतं. मी बरं म्हटलं आणि विषय सोडला. चार दिवसांनी तो स्वतःच माझ्या दारात आला आणि म्हणाला, “त्यात स-सर पण येतील का?” कुठले सर, तर मराठीचे. ते यायला नको असतील म्हणून विचारतोय, असं मी धरून चालले. “तुला नको असतील तर नाही बोलवणार,” मी म्हटलं. त्यानं मान हलवली. “नाही, या-यायला हवेत.” का, हे मी विचारलं नाही. वर्गात घडलेल्या गोष्टीचा मोठा साक्षीदार हवा असेल, असं मनाशी ठरवून मी सरांचं नाव यादीत लिहिलं. त्या दिवशीची ही माझी पहिली चूक.

सर्कलचं खरं काम आधीच्या भेटींत होतं. त्या नऊ दिवसांत मी पाच भेटी घेतल्या. मनू एकटा, मनूचे आईबाबा, राघव एकटा, राघवची आई, आणि खेळाचे सर. राघवला विचारलं होतं की तुझ्या बाजूनं आईशिवाय कोण हवं, तेव्हा त्यानं त्यांचं नाव घेतलं होतं. मनूकडून दोघं आणि राघवकडून एकच, असं बसवलं तर एक बाजू आपोआप आरोपीची होते. प्रत्येक भेट साधारण पाऊण तासाची. मी तेच प्रश्न विचारत होते जे सर्कलमध्ये विचारणार होते, म्हणजे तिथे कुणाला धक्का बसू नये.

हे प्रश्न माझे नाहीत. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्यानं मुलांच्या प्रकरणात कुटुंबाला बसवून निर्णय घ्यायची पद्धत आणली. तिथल्या माओरी समाजाच्या रीतीभातींचा त्यात मोठा वाटा होता. मग ऑस्ट्रेलियातल्या वॅगा वॅगा गावच्या पोलिसांनी १९९१ च्या सुमाराला ती उचलली आणि टेरी ओकॉनेल या पोलीस अधिकाऱ्यानं तिला ठरावीक प्रश्नांच्या संहितेचं रूप दिलं. शाळेत ती मार्गारेट थॉर्सबोर्न यांनी क्वीन्सलंडमध्ये १९९४ मध्ये आणली. काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? नंतर काय वाटत आलं? कुणाकुणाला त्याचा त्रास झाला? आता काय करायला हवं? एवढेच प्रश्न. यात ‘का केलंस’ कुठेच नाही. मी नवी होते तेव्हा तो माझ्या तोंडातून हमखास निसटायचा. ‘का’ विचारलं की मूल कारण शोधायला लागतं, आणि कारण म्हणून जे हाती लागतं ते नेहमी दुसऱ्याच्या वागण्यात असतं.

राघव भेटीत मान खाली घालून बोलला, पण बोलला. क्लिप मी केली, नाव मी पाडलं, हे त्यानं मान्य केलं. ‘मनात काय चाललं होतं’ याला तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “सगळे हसले की बरं वाटत होतं.” मी हे सर्कलमध्येही म्हण, म्हटलं. त्याची आई आली तीच दोन वाक्यं घेऊन. एक, आमचा राघव तसा नाही. दुसरं, लेखी काही करू नका मॅडम, पुढे त्याच्या नावावर राहील. लेखी होणार तो फक्त कराराचा कागद, तो माझ्याकडे राहतो आणि एक प्रत मुख्याध्यापकांकडे, निकालपत्रात काही जात नाही, हे मी सांगितलं तेव्हा तिच्या खांद्यावरचं ओझं जरा सैल झालं.

मनूचे बाबा भेटीत शांत, व्यवस्थित, प्रत्येक वाक्य तोलून बोलणारे. आई रडली, ते रडले नाहीत. मला वाटलं, यांची काही चिंता नाही. मनूला मी वेगळं भेटले होते, त्यांना वेगळं. त्या तिघांना एकमेकांशी बोलताना मी पाहिलंच नव्हतं. आणि मराठीच्या सरांशी तर भेट नव्हतीच. शिक्षकांच्या खोलीत दारात उभ्या उभ्या दहा मिनिटं बोललो, तारीख सांगितली, त्यांनी वही बघून हो म्हटलं.

सर्कलच्या दिवशी मी मनूला माझ्या शेजारी, त्याच्या पलीकडे आईबाबांना बसवलं. राघव समोरासमोर येणार नाही असा, एका बाजूला. नजर चुकवता यावी, पण सगळा वेळ चुकवावी लागू नये. मनूची खुर्ची दाराजवळ होती. त्याच्याशी ठरलं होतं की त्यानं तळहात उपडा करून गुडघ्यावर ठेवला की मी थांबवायचं, कारण विचारायचं नाही. बोलायची पाळी कुणाची हे समजावं म्हणून माझ्याकडे एक गुळगुळीत काळा दगड आहे, मुठीत मावणारा. ज्याच्या हातात दगड तो बोलणार, बाकीचे ऐकणार. ज्याला बोलायचं नाही त्यानं पुढे द्यायचा.

सुरुवात मी राघवपासून केली. बऱ्याच पालकांना हे खटकतं. आमच्या मुलाला आधी बोलू द्या ना, असं मनूची आईही म्हणाली होती. पण आधी मनू बोलला असता तर ती तक्रार झाली असती आणि राघव आपला बचाव करत बसला असता. आधी राघवनं कबूल केलं की मनूला काही सिद्ध करायचं उरत नाही. राघवनं सांगितलं. भेटीत जसं सांगितलं होतं त्याहून थोडं गुळगुळीत, पण सांगितलं. मधेच तो “सॉरी” म्हणाला, जमिनीकडे बघत. त्याची आई लगेच पुढे झुकली, “बघ, इकडे बघून म्हण. जा, हात मिळव.” मी तिला थांबवलं. पहिल्या पाच मिनिटांत आलेली माफी कुणाच्याच कामाची नसते. ती फक्त मोठ्यांना मोकळं करते. आणि समोरच्याला ‘असू दे’ म्हणावं लागतं, म्हणजे झालंगेलं विसरायचं कामही त्याच्याच गळ्यात.

मग दगड मनूकडे गेला. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. तुझ्याऐवजी मी वाचू का, असं मी आधी विचारलं होतं. “मीच वा-वाचीन. वेळ लागला तर लागू दे,” हे त्याचं उत्तर होतं. त्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य होतं, ‘त्या दिवशी वर्गात मी माझं नाव सांगत होतो.’ तो ‘वर्गात’वर अडकला. व, व, आणि पुढे काही नाही.

“वर्गात,” बाबा म्हणाले.

मनू थांबला आणि वाक्य पहिल्यापासून वाचायला लागला. तिथेच पुन्हा अडकला. “वर्गात,” पुन्हा बाबा. आवाज हळू, मायेचा. त्यांना आपण काही करतोय याची जाणीवही नव्हती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बापाला मुलासमोर कसं टोकावं, या विचारात मी एक क्षण घालवला, आणि तेवढ्यात तिसऱ्यांदा तेच झालं. मनूनं कागद मांडीवर ठेवला आणि दगड बाबांच्या पुढे धरला.

“तुम्हीच बोला म-मग.”

कुणी हललं नाही. बाबांनी दगड घेतला, म्हणजे घ्यावाच लागला. ते त्याच्याकडे बघत राहिले. आठ माणसांत इतका वेळ शांतता राहिली की बाहेरच्या कॉरिडॉरमधून कुणीतरी बादली ओढत नेत होतं ते सगळ्यांना ऐकू आलं. माझ्याकडे सांगण्यासारखी दोन-तीन वाक्यं होती आणि त्यातलं एकही त्या वेळी चाललं नसतं. शेवटी बाबा म्हणाले, “तो अडकला ना, की माझ्या घशात काहीतरी अडकतं. लहानपणापासून. मला वाटतं मी त्याला सोडवतोय.” मग त्यांनी दगड परत दिला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, अगदी शाळेतल्या मुलासारखे.

मनूनं सगळं परत पहिल्यापासून वाचलं. बराच वेळ लागला. क्लिप त्यानं इतक्या वेळा ऐकली होती की आपण किती वेळा ते अक्षर म्हणतो याचा आकडा त्याला पाठ होता. आता कुणी अनोळखी माणसानं नाव विचारलं तर तो दुसरं एक नाव सांगतो, ज्याच्या पहिल्या अक्षरावर तो अडकत नाही. हे त्याच्या आईबाबांना माहीत नव्हतं. आणि शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: ‘मला सगळ्यात वाईट क्लिपचं नाही वाटलं. त्यानंतर वाचनाच्या तासाला सर बावीस नंबरनंतर चोवीस नंबर घेतात.’

मनूचा हजेरी क्रमांक तेवीस होता.

सगळ्यांच्या आधी मी सरांकडे पाहिलं आणि मग स्वतःवर चिडले. सर आले होते ‘शाळेतर्फे कुणीतरी’ म्हणून आणि कसलीही तयारी नसताना त्यांचं नाव दुखावणाऱ्यांच्या यादीत आलं होतं. राघवला मी पाऊण तास दिला होता, त्यांना दारात दहा मिनिटं. त्यांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. ते रागावून उठून गेले असते तर त्यांना दोष देता आला नसता. दगड त्यांच्याकडे नव्हता, तरी ते बोलले. “मला वाटलं, तुला त्रास नको.” मग जरा थांबून, “विचारायला हवं होतं.” मनू कागदाची घडी घालत म्हणाला, “त्या-त्याच्यामुळेच सगळ्यांना वाटलं, मला वा-वाचताच येत नाही.”

पुढची पाळी मनूच्या आईची. तिनं थोडक्यात सांगितलं: घरातला फोन वाजला तरी तो उचलत नाही, दारावरची बेल वाजली की आतल्या खोलीत जातो. मग दगड राघवच्या आईकडे आला. मी विचारलं, “तुम्हाला हे कळलं तेव्हा काय वाटलं?” आमचा राघव तसा नाही, हे वाक्य आता येणार म्हणून मी तयार होते. ती बोललीच नाही बराच वेळ. दगड या हातातून त्या हातात करत होती.

“खरं सांगू का,” ती म्हणाली, “ती क्लिप त्यानं मला आधीच दाखवली होती. ग्रुपवर टाकायच्या आधी. मी भाजी चिरत होते. मी पण हसले. कोण आहे म्हणून विचारलंसुद्धा नाही.”

भेटीत तिनं हे मला सांगितलं नव्हतं. कदाचित तेव्हा ते तिला स्वतःलाही आठवायचं नव्हतं. मनूची आई तिच्याकडे एकटक बघत होती आणि मला वाटलं, आता हे मोडणार. पण मनूच्या आईनं फक्त एक मोठा श्वास सोडला आणि मान दुसरीकडे वळवली. क्षमा वगैरे काही नव्हतं त्यात. राघव मात्र पहिल्यांदाच मान वर करून बघत होता, मनूकडे नव्हे, आईकडे. मी त्याला विचारलं, आता काही म्हणायचंय का. तो म्हणाला, “मला वाटायचं, तो कसा बोलतो हे त्याला कळत नसेल.” याच्यावर मोठी माणसं चपापली. मला ते अगदी खरं वाटलं. ज्याची आपण नक्कल करतो त्याला आतून ते ऐकू येतं, हे बऱ्याच मुलांच्या डोक्यात नसतं. आणि मग त्यानं जमिनीकडे न बघता जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. ते मनूसाठी होतं.

करार करायच्या वेळी मोठ्यांचे प्रस्ताव आधी येतात आणि बहुतेक सगळे निकामी असतात. बाबांनी सुचवलं, राघवची तुकडी बदला. मनूनं नाही म्हटलं; मग सगळे म्हणतील मी त्याला घालवलं. राघवची आई म्हणाली, तो रोज मनूसोबत बसेल, त्याची काळजी घेईल. दोन्ही मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मी अशा वेळी एकच चाळणी लावते: हे नेमकं कुठल्या दिवशी, कुठे, कसं होणार, आणि झालं हे कसं कळणार? त्यातून शेवटी तीन कलमं उरली. राघवनं क्लिप काढून टाकायची आणि ग्रुपवर स्वतःच्या शब्दांत लिहायचं. टाकण्याआधी मजकूर मनूनं बघायचा. कुणी ‘रिपीट’ म्हटलं आणि राघव तिथे असला तर त्यानं हसायचं नाही आणि “बास” एवढा एक शब्द म्हणायचा. हा शब्द खेळाच्या सरांनी सुचवला, मैदानावर ते तोच वापरतात. तिसरं सरांचं: बावीसनंतर तेवीस. एखाद्या दिवशी वाचायचं नसेल तर मनूनं पुस्तक मिटून ठेवायचं, सर न बोलता पुढे जातील. तो अडकला तर शब्द कुणी पुरवायचा नाही, सरांनीही नाही. बाबा म्हणाले, माझंही लिहा. मनू पटकन म्हणाला, “ते घ-घरचं घरी.” मग ते लिहिलं नाही.

कागद मी मुद्दाम हळूहळू, सुवाच्य अक्षरात लिहिते. ही पद्धत शिकवतानाच सांगतात की करार लिहून होईपर्यंत सगळ्यांना उठू द्यायचं, पाणी द्यायचं आणि आपण मान खाली घालून लिहीत राहायचं. त्या दहा मिनिटांत जे होतं ते गोलात होत नाही. मला पाठीमागे राघवचा आवाज ऐकू आला. “तू गाताना अडकत नाहीस ना? स्नेहसंमेलनाला गायलास तेव्हा नव्हतास अडकला.” मनू म्हणाला, “नाही. गा-गाताना नाही.” राघव म्हणाला, “असं कसं?” मनू म्हणाला, “मा-माहीत नाही. असंच असतं.” मी ‘दिनांक’ हा शब्द पुन्हा एकदा लिहून काढला.

दोन आठवड्यांनी दोघांना वेगवेगळं भेटले. राघवनं ग्रुपवर लिहिलं होतं, मनूनं त्यातला एक शब्द बदलायला लावला होता. त्यावर वर्गातून हसरे चेहरे आले, आणि दोन दिवसांनी दुसऱ्या तुकडीतल्या एकानं तीच क्लिप पुन्हा टाकली. हे मला राघवनंच येऊन सांगितलं. त्या मुलाच्या बाबतीत आम्ही सर्कल घेतलं नाही. त्यानं ‘मी टाकली नाही, फोन भावाकडे होता’ म्हटलं आणि प्रकरण शिस्तीच्या वाटेनं गेलं. एकदा पाठवलेली गोष्ट चाळीस फोनांतून परत आणता येत नाही. ‘क्लिप काढून टाकायची’ हे कलम मी लिहायलाच नको होतं, किंवा ‘राघवच्या फोनमधून’ असं तरी लिहायला हवं होतं. हसणारा वर्ग त्या खोलीत नव्हताच. वर्गासाठी वेगळं सर्कल घ्यायला हवं होतं, ते आम्ही नंतर, उशिरा घेतलं आणि त्यात फारसा दम नव्हता.

राघव आणि मनू मित्र झाले नाहीत. जिन्यात एकमेकांना टाळतात, पण आता तसं दोघंही टाळतात.

मी माझ्या यादीत दोन गोष्टी वाढवल्या. मुलाला आणि आईबाबांना वेगळं भेटून झालं की शेवटची दहा मिनिटं त्यांना एकत्र बसवते आणि काहीही विषय देते, सुट्टीत कुठे जाणार वगैरे. कोण कुणाचं वाक्य पुरं करतं, एवढंच बघते. आणि मूल जेव्हा म्हणतं की अमक्याला बोलवा, तेव्हा मी विचारते, ते येऊन काय ऐकायला हवेत?

सहाव्या आठवड्याला मनू शेवटच्या भेटीला आला. वाचनाचा तास कसा चाललाय, मी विचारलं. म्हणाला, सर आता तेवीस सोडत नाहीत, एकदाही नाही.

“मग? पुस्तक मिटून ठेवतोस कधी?”

“नाही. पु-पुस्तक मिटलं की सगळ्यांना कळतं,” तो म्हणाला. “वाचायचं नसेल तर मी पा-पान सापडत नाही म्हणतो. बाकीचे पण तेच म्हणतात.”